ब्रिटनच्या थिअरी टेस्टमधले आकडे फ्लॅशकार्डांनी पक्के कसे करायचे

भारतातून इंग्लंडला राहायला आलेल्या माणसाला आपल्या लायसन्सवर पहिले १२ महिने गाडी चालवता येते. त्यानंतर इथलं लायसन्स लागतं आणि त्यासाठी आधी थिअरी टेस्ट. तिच्या पहिल्या भागात ५० बहुपर्यायी प्रश्न, वेळ ५७ मिनिटं, पास व्हायला ४३ बरोबर हवेत. वर्षानुवर्षं गाडी चालवलेली आपली मंडळी चिन्हं आणि शिस्तीच्या प्रश्नांत फारशी अडत नाहीत. ती अडतात आकड्यांत. ६० मैल वेगाने जाणारी गाडी किती मीटरमध्ये थांबेल, मोबाइल वापरल्यास लायसन्सवर दंडाचे किती पॉइंट, कॅरव्हॅन जोडली तर मोटरवेवर किती वेग, शिकाऊ चालकाशेजारी बसणाऱ्याचं वय किती. आणि फक्त सात चुकांची मुभा असताना आकड्यांचे चार-पाच प्रश्न गेले की उरलेली वाट फार अरुंद होते.

आकडे पाठ करण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे ‘हायवे कोड’ या वाहतूक नियमांच्या सरकारी पुस्तिकेतला तक्ता आदल्या रात्री दहा वेळा वाचणं. त्याने आकडा ओळखीचा होतो, पण नेमका कशाचा ते पक्कं होत नाही. परीक्षेत ७३ आणि ७५ हे दोन्ही आकडे समोर आले की दोन्ही ओळखीचे वाटतात आणि तिथेच घोळ होतो. आकडा विसरणं हा प्रकार त्या मानाने कमी असतो. एका आकड्याच्या जागी शेजारचा आकडा येऊन बसतो, हा खरा त्रास. म्हणून कार्डं बनवताना प्रत्येक वेळी मनाशी विचारायचं: हा आकडा कुठल्या दुसऱ्या आकड्याशी गल्लत करेल? पुढचं सगळं त्याच प्रश्नाभोवती आहे.

मागे किती दिवसांनी वळायचं

तत्त्व सोपं आहे. आकडा आठवण्याचा प्रयत्न केला की तो पुन्हा वाचण्यापेक्षा जास्त घट्ट बसतो, आणि तो प्रयत्न थोडं विसरायला लागल्यावर केला तर आणखी. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवर प्रयोग करून विसरण्याचा वेग मोजला आणि १८८५ मध्ये तो प्रसिद्ध केला. नंतर सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने त्यावर बेतलेली कार्डांच्या खोक्यांची पद्धत लोकांपर्यंत नेली. ती आजही कागदावर तितकीच चालते.

चार कप्पे करा. पहिल्या कप्प्यातली कार्डं रोज, दुसऱ्यातली तीन दिवसांनी, तिसऱ्यातली आठवड्याने, चौथ्यातली दोन आठवड्यांनी. उत्तर बरोबर आलं तर कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं तर थेट पहिल्यात, मग ते चौथ्यातून का आलेलं असेना. चार-साडेचार आठवडे हातात असतील तर हे गणित परीक्षेशी बरोबर जुळतं. आठवडाच उरला असेल तर चौथा कप्पा विसरा आणि तिसऱ्याचा अवधी चार दिवसांवर आणा.

मोबाइलवर करायचं असेल तर अँकी हे ॲप घ्या. संगणकावर आणि अँड्रॉइडवर ते मोफत आहे, आयफोनवर पैसे पडतात. सेटिंग पुढे सांगतो. आधी कार्डं, कारण कार्ड वाईट असेल तर कुठलंही ॲप त्याला वाचवू शकत नाही.

थांबण्याचं अंतर: एक उदाहरण शेवटपर्यंत

सगळ्यात जास्त धास्ती याच तक्त्याची असते, म्हणून तो पूर्ण सोडवू. गाडी थांबायला लागणारं अंतर दोन तुकड्यांचं असतं. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत गाडी जितकी पुढे जाते ते विचारांतर, आणि ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंतचं ब्रेकांतर. ‘हायवे कोड’मधले आकडे कोरडा रस्ता आणि चांगले ब्रेक धरून दिलेले आहेत. वेग मैलांत, अंतर मीटरमध्ये:

२० ला ६ + ६ = १२
३० ला ९ + १४ = २३
४० ला १२ + २४ = ३६
५० ला १५ + ३८ = ५३
६० ला १८ + ५५ = ७३
७० ला २१ + ७५ = ९६

एवढे अठरा आकडे सुटे पाठ करायची गरज नाही. विचारांतर दर १० मैलांना ३ मीटरने वाढतं, कारण माणसाला प्रतिक्रिया द्यायला लागणारा वेळ तोच राहतो. म्हणजे एक नियम, एक कार्ड. ब्रेकांतर वेगाच्या वर्गाने वाढतं: वेग दुप्पट झाला की अंतर चौपट. २० ला ६, म्हणून ४० ला २४. ६० म्हणजे तिप्पट वेग, नऊपट अंतर, म्हणजे ५४. तक्त्यात ५५ आहे. ७० ला हिशोबाने साडेत्र्याहत्तर येतात, तक्त्यात ७५. नियम लक्षात ठेवायला इतकी जवळीक पुरेशी असते. हा दुसरा नियम, दुसरं कार्ड.

आता गल्लत कुठे होते ते बघा. एकूण अंतरं आहेत १२, २३, ३६, ५३, ७३. त्यांच्या पुढच्या वेगाची ब्रेकांतरं आहेत १४, २४, ३८, ५५, ७५. प्रत्येक एकूण अंतराला पुढच्या वेगाचं ब्रेकांतर अगदी खेटून उभं आहे. म्हणूनच तक्ता नुसता वाचणाऱ्याला ७३ की ७५ हे कळत नाही: दोन्ही खरंच तक्त्यात आहेत, वेगवेगळ्या जागी. त्यातच २३, ५३, ७३ या तिघांचा शेवट तीनवर. ही जोडगोळी एकदा डोळ्यांनी पाहिली की अर्धं काम होतं. उरलेलं अर्धं कार्डांनी करायचं.

या तक्त्यासाठी मी अशी कार्डं करायला सांगतो. एकूण अंतराची सहा सरळ कार्डं: वेग पुढे, मीटर मागे, आणि मागच्या बाजूला बेरीजही लिहायची, म्हणजे २३ च्या शेजारी ९ + १४. दोन नियमांची दोन कार्डं. आणि गल्लतीची चार कार्डं, उलट्या दिशेने: पुढे ‘७५ मीटर हे कशाचं अंतर, कुठल्या वेगाला?’, मागे ‘७० ला ब्रेकांतर, ६० चं एकूण ७३’. तसंच ५५, ३८ आणि २४ चं. एकूण बारा कार्डं झाली.

अँकीत ती एका साध्या टेक्स्ट फाइलमधून आत घेता येतात. फाइल `UTF-8` मध्ये जतन करा, म्हणजे देवनागरी बिघडत नाही:

```
#separator:Semicolon
#tags column:3
३० मैल, कोरडा रस्ता: एकूण अंतर किती मीटर?;23 = 9 + 14;antar
७५ मीटर: कशाचं अंतर, कुठल्या वेगाला?;70 ला ब्रेकांतर (60 चं एकूण 73);antar
वेग दुप्पट झाला तर ब्रेकांतर किती पट?;4 पट;antar
```

कार्ड उलटण्याआधी उत्तर तोंडाने म्हणा, आणि इंग्रजीत म्हणा. टेस्ट इंग्रजी किंवा वेल्श याच भाषांत होते आणि पर्याय इंग्रजी अंकांत असतात. मनात मराठीत आठवून मग भाषांतर करायचा एक टप्पा तिथे उगाच नको. प्रश्नाचा मुख्य शब्दही परीक्षेतलाच, म्हणजे ‘स्टॉपिंग डिस्टन्स’, ‘ब्रेकिंग डिस्टन्स’ असाच कार्डावर ठेवलेला बरा; वर मी समजावण्यापुरते मराठी शब्द वापरले.

बाकीची अंतरं

ती सुटी असतात, त्यांच्यामागे सूत्र नाही. इथे कारण हेच सूत्र. चौकाच्या १० मीटरच्या आत गाडी उभी करायची नाही, कारण वळणाऱ्याला दिसत नाही. वॉर्निंग ट्रँगल गाडीच्या मागे किमान ४५ मीटरवर ठेवायचा, मोटरवेवर मात्र कधीच नाही. नंबरप्लेट २० मीटरवरून वाचता आली पाहिजे. सायकलवाल्याला ३० मैल वेगापर्यंत ओलांडताना किमान दीड मीटर सोडायचं, घोड्याला किमान २ मीटर आणि वेग १० मैलांच्या आत. १०० मीटरच्या पलीकडचं दिसेनासं झालं की हेडलाइट लावायचे.

प्रत्येक कार्डावर एकक लिहिलंच पाहिजे. इंग्लंडात वेग मैलांत, थांबण्याचं अंतर मीटरमध्ये आणि मोटरवेच्या बाहेरच्या वाटेआधीच्या उलट्या मोजणीच्या पाट्या यार्डात असतात: ३००, २००, १००. एककाशिवाय पाठ केलेला १०० परीक्षेत कुठेही जाऊन चिकटतो.

वेगमर्यादा: पाटीवर आकडा नसतो तेव्हा

पांढऱ्या वर्तुळावर काळी तिरकी पट्टी म्हणजे राष्ट्रीय वेगमर्यादा. या पाटीवर आकडा नसतो. आकडा ठरतो दोन गोष्टींवरून: रस्ता कसला आणि गाडी कसली. त्यामुळे ‘राष्ट्रीय वेगमर्यादा किती?’ असं कार्ड चुकीचं, कारण त्याला एक उत्तर नाही. कार्डावर दोन्ही गोष्टी हव्यात: ‘कार, दुभाजक नसलेला रस्ता, पाटी काळ्या पट्टीची?’ उत्तर ६०. दुभाजक असेल तर ७०, मोटरवे ७०.

मग कॅरव्हॅन जोडा. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ५०, दुभाजक असलेल्या रस्त्यावर ६०, मोटरवेवर ६०. म्हणजे मोकळ्या रस्त्यावर सगळीकडे दहा कमी, वस्तीत मात्र तेच ३०. हे ‘दहा कमी’ एकच कार्ड, त्याशिवाय तिन्ही रस्त्यांचं एकेक.

वस्तीच्या मर्यादेचं कार्ड जपून करा. रस्त्यावर दिव्याचे खांब असतील आणि दुसरी पाटी नसेल तर इंग्लंडमध्ये ३०. वेल्समध्ये मात्र सप्टेंबर २०२३ पासून तीच मर्यादा २० झाली. म्हणून कार्डावर ‘इंग्लंड’ किंवा ‘वेल्स’ लिहिलेलं असावं. दारूच्या मर्यादेचंही तसंच: १०० मिलिलिटर रक्तात इंग्लंड-वेल्समध्ये ८० मिलिग्रॅम, स्कॉटलंडमध्ये ५०. दुसऱ्याने केलेली तयार कार्डं उतरवून घेताना इथेच फसायला होतं. जुन्या संचांमध्ये वेल्सचे ३० असतात, मोबाइलचे ३ पॉइंट असतात आणि दीड मीटरचा उल्लेखच नसतो, कारण तो २०२२ मध्ये आला. ‘हायवे कोड’ सरकारी संकेतस्थळावर फुकट वाचता येतो. त्यावरून स्वतः कार्डं करा. करता करताच निम्मे आकडे बसतात.

दंड आणि पॉइंट

इथे दोन प्रकारचे आकडे असतात आणि ते मिसळले की सगळं कोसळतं. एक ठरलेला दंड: हातात मोबाइल धरून वापरला तर २०० पौंड आणि ६ पॉइंट, विम्याशिवाय चालवली तर ३०० पौंड आणि ६ पॉइंट. दुसरा, कोर्टात होऊ शकणारा जास्तीत जास्त दंड, ज्याच्या आधी ‘अप टू’ हे शब्द असतात: पत्ता बदलल्याचं लायसन्स खात्याला कळवलं नाही तर १,००० पौंडांपर्यंत, वैध एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याची तपासणी, नसेल तर तेवढाच. कार्डावर ‘ठरलेला’ की ‘कमाल’ हे आधी लिहा, मग रक्कम विचारा.

रक्कम आणि पॉइंट यांची दोन वेगळी कार्डं करा. एकाच कार्डावर दोन्ही विचारले की रक्कम आठवते, पॉइंट चुकतात आणि तुम्ही कार्ड बरोबर म्हणून पुढे ढकलता. पुढच्या वेळी पुन्हा तेच. कार्डाला एकच उत्तर असलं की अशी सूट घेताच येत नाही.

पॉइंटांच्या कार्डामागे एक गोष्ट जरूर लिहा: लायसन्स मिळाल्यापासून पहिल्या दोन वर्षांत ६ पॉइंट झाले की ते रद्द होतं. म्हणजे नव्या चालकासाठी एकदा मोबाइल हातात घेणं हे थेट लायसन्स जाण्याइतकं आहे. ही साखळी समजली की मोबाइलचे ६ पॉइंट पुन्हा विसरत नाहीत. तीन वर्षांत १२ पॉइंट झाल्यास अपात्रता, हा नियम सगळ्यांसाठी आहे. ६ आणि १२ या दोघांचं एक उलटं कार्ड करून ठेवा.

वयं

कार १७ व्या वर्षापासून. तात्पुरत्या लायसन्ससाठी अर्ज १५ वर्षं ९ महिन्यांपासून. शिकणाऱ्याच्या शेजारी बसणारा २१ पेक्षा मोठा आणि त्याच्याकडे लायसन्स ३ वर्षं असलेलं. वयाच्या सत्तरीला लायसन्सचं नूतनीकरण, मग दर ३ वर्षांनी. मूल १२ वर्षांचं किंवा १३५ सेंटिमीटर उंच होईपर्यंत त्याला योग्य आसन. १४ पासून सीटबेल्टची जबाबदारी ज्याची त्याची, त्याआधी चालकाची.

इथे ‘३ वर्षं’ वारंवार येतं. शेजारी बसणाऱ्याचं लायसन्स, सत्तरीनंतरचं नूतनीकरण, १२ पॉइंटांचा काळ आणि इंग्लंडमध्ये नव्या गाडीची पहिली एमओटी, सगळीकडे तीनच. अगदी तोच आकडा असेल तर काळजी नको, तो मदतच करतो. त्रास देतो तो जवळचा आकडा: १२ की १४, १७ की २१. गल्लतीची कार्डं अशाच जोड्यांवर खर्च करा.

अँकीची सेटिंग

सगळी मिळून पन्नासेक कार्डं होतील. `New cards/day` मुळात २० असतं, ते ६ वर आणा. म्हणजे नऊ-दहा दिवसांत सगळी कार्डं एकदा समोर येतात आणि उजळणी रोज दहा मिनिटांपलीकडे जात नाही. `FSRS`, म्हणजे उजळणीच्या तारखा ठरवणारं अँकीचं गणित, चालू करा आणि `Desired retention` ०.९० वरच राहू द्या. परीक्षा महिन्यावर असेल तर `Maximum interval` १० दिवस करा. नाहीतर सोपी वाटलेली कार्डं परीक्षेच्या पलीकडच्या तारखेला जाऊन बसतात.

बटणांबद्दल एकच आग्रह. उत्तर आलं नाही तर `Again` दाबायचं, `Hard` नाही. `Hard` म्हणजे कष्टाने का होईना, बरोबर आलं. चुकलेल्याला `Hard` देत राहिलात तर ॲपला वाटतं की आकडा तुम्हाला येतो, आणि ते अंतर वाढवत जातं. बहुतेकांसाठी `Again` आणि `Good` ही दोनच बटणं पुरतात.

एकच कार्ड पुन्हा पुन्हा चुकत राहिलं, तर आठ वेळा घसरल्यावर अँकी त्याला `leech` अशी खूण लावतं. अशा कार्डाला आणखी रेटू नका. ते कशाशी मिसळतंय ते शोधा. ५३ च्या जागी सतत ५५ येत असेल तर ५३ चं कार्ड दहा वेळा बघून काही होणार नाही, ‘५५ कशाचं?’ हे कार्ड नसेल तर बनवा, आणि ५३ च्या मागे १५ + ३८ लिहा.

दुसरी अडचण लक्षात यायला वेळ लागतो. काही दिवसांनी कार्डाचा पहिला शब्द किंवा त्याची लांबी पाहूनच उत्तर तोंडात येतं, प्रश्न वाचलाच जात नाही. ॲपमध्ये सगळं हिरवं, पण सराव परीक्षेत चूक. ओळखायची युक्ती अशी: दर आठवड्याला सराव प्रश्नांचा एक संच सोडवा आणि आकड्यांच्या चुका वेगळ्या मोजा. कार्डावर बरोबर आणि संचात चुकलेला आकडा सापडला की त्या कार्डाची वाक्यरचना बदला, ‘७० मैल वेगाला एकूण किती?’ऐवजी ‘मोटरवेवर कमाल वेगाने जाताना पुढे अपघात दिसला, थांबायला किती मीटर?’ असं विचारा. उत्तर ९६ च, पण तिथे पोहोचायला आता आधी ७० आठवावे लागतात.

टेस्टचा दुसरा भाग, म्हणजे चित्रफितीत धोका ओळखण्याचा, कार्डांनी होत नाही. त्यात ७५ पैकी ४४ गुण लागतात आणि त्याचा सराव चित्रफितींवरच करावा लागतो. दोन्ही भाग एकाच दिवशी पास व्हावे लागतात, म्हणून शेवटच्या आठवड्यात कार्डांना रोज दहा मिनिटं देऊन उरलेला वेळ तिकडे लावा.

पास झाल्यावर संच पुसून टाकू नका. थिअरी टेस्टचं प्रमाणपत्र दोन वर्षं चालतं आणि प्रत्यक्ष चाचणी त्या काळात द्यायची असते. `Maximum interval` पुन्हा मोठा करा, एकूण अंतरांची सहा, सायकल-घोड्याची दोन, टायरच्या खाचेच्या किमान खोलीचं म्हणजे १.६ मिलिमीटरचं आणि पहिल्या दोन वर्षांतले ६ पॉइंट एवढी कार्डं चालू ठेवा, आणि बाकीची `Suspend` करून ठेवा.